६१२ फोटो जलरंगात करायचेत: भाड्याचं जीपीयू की घरचं मशीन?

मृणाल_राजारामपुरी · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत अल्बम डिझाईनचं काम करते. स्टुडिओवाले फोटो देतात, मी पानं लावून प्रिंटला पाठवते. या वेळी कागलच्या एका लग्नाचा अल्बम आलाय आणि घरच्यांना तो सगळाच्या सगळा जलरंगातल्या चित्रांसारखा हवाय. फोटो ६१२, पानं १२ बाय ३६ इंची, हातात दहा दिवस.

माझ्याकडे आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड आहे, ८ जीबीचं. ऑटोमॅटिक११११ या एआयनं चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एसडीएक्सएल मॉडेल लावलंय. चेहरे आणि दागिने हलू नयेत म्हणून सोबत कंट्रोलनेट आहे. स्टेप्स ३०, डिनॉइझिंग ०.४. चित्र छान येतंय, पण एका फोटोला अडीच मिनिटं लागतात. ६१२ फोटोंचे साडेपंचवीस तास झाले, आणि ते एकही फोटो परत करावा लागला नाही तर. पुण्यातला मित्र म्हणतो, ४०९० भाड्यानं घे, तासाभरात सगळं होईल.

अडचण अशी की नवरीची थोरली बहीण पोलिसात आहे. तिनं फोटो देतानाच सांगितलं, "हे कुठंही नेटवर चढवायचे नाहीत." मी हो म्हटलं. आता खर्च, वेळ आणि हा शब्द, तिन्हींचा मेळ कसा घालू? ज्यांनी दोन्ही करून बघितलंय त्यांनी कृपया सांगा.

फ्लेक्सवाला_गांधीनगर · सोमवार, रात्री ११.०५

ताई, डोळे झाकून क्लाऊड घ्या. मी गेल्या गणपतीत मंडळाच्या २१४ फोटोंची कार्टून करून फ्लेक्सला लावली. लई भारी झाली. घरचा कॉम्प्युटर तापवत बसण्यात काय अर्थ हाय? ४०९० ताशी ५५ रुपयांनी मिळालं. एक फोटो १० सेकंदात. लाईट बिल नाही, पंख्याचा आवाज नाही.

आणि प्रायव्हसीचं म्हणाल तर https असतं की. सगळं एन्क्रिप्टेड जातं, मधी कोण बघू शकत नाही. बँकेचे व्यवहार आपण तसेच करतो.

सागर_रंकाळा · मंगळवार, सकाळी ७.२०

६१२ फोटो म्हणजे ७-८ जीबी होतील. त्यासाठी ग्राफिक कार्ड कशाला भाड्यानं घ्यायचं? मी सगळे फोटो पिक्चर्स फोल्डरमध्येच ठेवतो, ते आपोआप क्लाऊडला जातात. मशीन बिघडलं तरी काळजी नाही. महिन्याला थोडेच पैसे पडतात. मृणालताई, तुमच्या मशीनवर पण ते चालू असेल, विंडोज टाकतानाच विचारतं.

उद्यमनगरी · मंगळवार, सकाळी ९.१५

सागरराव, ताईंचा प्रश्न फोटो साठवायचा नाही, त्यावर चित्र काढून घ्यायचा आहे. पण तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य ताईंनी जरूर वाचावं.

ताई, भाड्याचं काय करायचं ते नंतर ठरवू. आधी मला ती अडीच मिनिटं खटकतायत. ४०६० इतकं हळू नाही. ३० स्टेप्स आणि ०.४ म्हणजे ऑटोमॅटिक११११ प्रत्यक्षात १२ च्या आसपासच स्टेप्स चालवतं. बारा स्टेप्सना दीडशे सेकंद लागत असतील तर कार्ड चित्र काढत नाहीये, ते ओझी वाहतंय.

तीन गोष्टी बघून सांगा. काळ्या खिडकीत प्रगतीच्या पट्टीपुढे आकडा येतो, त्याच्यामागे it/s लिहिलंय की s/it? काम चालू असताना टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर Shared GPU memory किती दिसते? आणि फोटो कुठल्या मापाचा देताय?

मृणाल_राजारामपुरी · मंगळवार, दुपारी १२.३०

बघितलं. 9.84s/it येतंय. मी आजवर तो आकडा सेकंदाला ९.८४ स्टेप्स असाच वाचत होते! Shared मध्ये ४.६ जीबी दिसतंय, काम संपलं की खाली येतं. फोटो लांब बाजू १५३६ ठेवून देते. सोबत फोटोशॉप आणि ब्राउझर उघडे असतात, कारण मधल्या वेळात मी पानं लावते.

उद्यमनगरी · मंगळवार, दुपारी १.१०

सापडलं. कामाचा वेग एकपेक्षा खाली गेला की तो आकडा उलटा होतो, एका स्टेपला किती सेकंद ते दाखवतो. तुमची एक स्टेप जवळजवळ दहा सेकंद घेतेय.

कारण असं. एसडीएक्सएलचा चित्र काढणारा मुख्य भाग पाच जीबीच्या वर जागा घेतो. पूर्ण आकाराचं कंट्रोलनेट आणखी अडीच जीबी. तिथंच साडेसात झाले. वर फोटोशॉप आणि ब्राउझर कार्डातलीच जागा खातात, आणि १५३६ च्या चित्राला चालताना लागणारी जागा वेगळी. ८ जीबीत हे मावतच नाही. पूर्वी अशा वेळी सरळ CUDA out of memory म्हणून काम थांबायचं. २०२३ पासूनचे विंडोजवरचे ड्रायव्हर थांबत नाहीत, उरलेला माल मशीनच्या साध्या रॅममध्ये नेऊन ठेवतात. चूक दिसत नाही, चित्रही बरोबर येतं, फक्त प्रत्येक स्टेपला माल आत-बाहेर होत राहतो. गोदाम भरलं म्हणून पोती रस्त्यापलीकडं ठेवायची आणि प्रत्येक पोत्यासाठी रस्ता ओलांडायचा, तसं.

एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये CUDA - Sysmem Fallback Policy आहे, तिथं Prefer No Sysmem Fallback करा. यानं वेग वाढणार नाही, पण जागा संपली तर काम थांबेल आणि तुम्हाला कळेल. मग जागा कमी करा. फोटोशॉप बंद. मोठ्या कंट्रोलनेटच्या जागी कंट्रोल-लोरा वापरा, ते एक जीबीच्या आतलं असतं. माप १२४८ बाय ८३२ ठेवा, कॅमेऱ्याच्या ३:२ फोटोला ते बरोबर बसतं आणि हे मॉडेल साधारण तेवढ्याच मापावर शिकलेलं आहे. आणि `webui-user.bat` मध्ये ही ओळ:

```
set COMMANDLINE_ARGS=--medvram-sdxl --xformers
```

प्रिंटसाठी मोठं माप लागेल ते नंतर अपस्केलरनं चौपट करा. जलरंगाला ते चालतं.

मृणाल_राजारामपुरी · मंगळवार, रात्री ९.५०

दादा, काय सांगू! 1.15s/it. एक फोटो सेव्ह होईपर्यंत २२ सेकंद. पहिल्यांदा वाटलं काहीतरी अर्धवट राहिलंय, म्हणून चित्र पूर्ण मोठं करून बघितलं. बरोबर आहे.

म्हणजे ६१२ फोटो पावणेचार तासांत. आता क्लाऊडची गरजच राहिली नाही का? नमुना म्हणून दोन चित्रं इथं टाकलीत.

फ्लेक्सवाला_गांधीनगर · मंगळवार, रात्री १०.१५

भारीच की. पण तरी माझा हिशोब ऐका. माझ्याकडं १० सेकंद, तुमच्याकडं २२. म्हणजे क्लाऊड दुपटीनं पुढं हायच. फक्त एवढं महागाचं ४०९० दुप्पटच पळतंय याचं मला पण नवल वाटलं होतं.

उद्यमनगरी · बुधवार, सकाळी ८.४०

नवल वाटायला कारण आहे. तुम्ही बहुतेक ऑटोमॅटिक११११ ऐवजी कम्फीयूआय वापरलं असणार आणि स्टेप्स ३० ठेवल्या असणार. कम्फीत डिनॉइझ ०.४ केलं तरी ते तीसच्या तीस स्टेप्स चालवतं, फक्त सुरुवात उशिरापासून धरतं. ऑटोमॅटिक११११ तिसाचा ०.४ हिस्सा, म्हणजे बाराच चालवतं. तुमच्या दहा सेकंदांत तीस स्टेप्स झाल्या, ताईंच्या बावीस सेकंदांत बारा. ताईंच्याच कामाला तुमचं ४०९० पाच-सहा सेकंद घेईल. वेगातला खरा फरक चौपट.

दोन मशीन ताडून बघताना "एका फोटोला किती सेकंद" हा आकडा म्हणूनच फसवतो. "एका स्टेपला किती" बघा, आणि माप तेच ठेवा.

आता भाऊ, एक मोकळेपणानं सांगा. त्या २१४ फोटोंचं शेवटी बिल किती झालं?

फ्लेक्सवाला_गांधीनगर · बुधवार, सकाळी ११.३०

बरोबर, कम्फीच होतं. हे ठाऊक असतं तर माझं निम्म्यात झालं असतं.

बिल ६३० च्या आसपास झालं. २१४ फोटो चालायला ३५ मिनिटंच लागली. पण मशीन तीन संध्याकाळी मिळून नऊ तास चालू होतं. कुठली स्टाईल घ्यायची, अध्यक्षांचा चेहरा ओळखू येतोय का, परत करा, परत दाखवा. नऊ तासांचे ४९५, मशीन बंद असताना पण डिस्कचं भाडं लागलं ४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एका संध्याकाळी जेवायला गेलो आणि मशीन तसंच चालू राहिलं.

उद्यमनगरी · बुधवार, दुपारी १२.१५

या धाग्यात मला सगळ्यात मोलाची माहिती हीच वाटते. ३५ मिनिटांच्या कामाला नऊ तासांचं भाडं. भाड्याच्या मशीनवर तुम्ही विचार करत असता तेव्हाही मीटर पळतो.

ताईंच्या कामाचा हिशोब मांडू. घरी पावणेचार तास, अख्खं मशीन २५० वॅट खात असेल तर एक युनिट. म्हणजे १०-१५ रुपये. भाड्यानं घेतलं तर मशीन उभं करून मॉडेल उतरवायला वीस मिनिटं, चित्रं काढायला तास, सगळं परत उतरवून तपासायला तास. कर धरून दीडशे-पावणेदोनशे रुपये. अल्बमच्या किमतीपुढं दोन्ही आकडे नगण्य आहेत. पैशावर हा प्रश्न सुटत नाही.

सुटतो तो चाचण्यांवर. जलरंग किती गडद, डिनॉइझिंग ०.३५ की ०.४५, नथ राहते की जाते, हे ठरवायला दीड-दोनशे तरी चित्रं वाया जातात. ती घरच्या मशीनवर वाया घालवा. सगळं ठरल्यावर आणि वेळ खरंच कमी असेल तरच शेवटचा फेरा भाड्याच्या मशीनवर. ताईंकडे दहा दिवस आहेत, मला तरी गरज दिसत नाही.

एक सावधगिरी. रात्रभर ६१२ चं एकच फोल्डर लावू नका. पावसाचे दिवस आहेत, लाईट गेली की कुठपर्यंत आलं होतं ते शोधत बसाल. शंभर-शंभरचे फोल्डर करा.

गडहिंग्लजकर · बुधवार, रात्री ९.०५

मी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो, म्हणून https च्या मुद्द्यावर बोलतो. फ्लेक्सवाले भाऊ, तुमचं निम्मं बरोबर आहे. वाटेत कुणी बघू शकत नाही हे खरं. पण चित्र काढायला मशीनला फोटो उघडाच लागतो. तिथं पोचल्यावर तो कार्डाच्या आणि रॅमच्या स्मृतीत मोकळा असतो, डिस्कवर तर असतोच. ज्याच्या ताब्यात मूळ मशीन आहे, त्याला ठरवलं तर तो बघता येतो. मोठ्या कंपनीचं डेटा सेंटर असेल तर तिथं करार आहे, नोंदी आहेत. पण ताशी ५५ रुपयांची ४०९० बहुतेक वेळा बाजारपेठेसारख्या साईटवरून मिळते आणि तिथलं मशीन कुणाच्या तरी घरात किंवा गाळ्यात असू शकतं. सगळे वाईट नसतात, पण तुम्ही त्या बहिणीला दिलेल्या शब्दात तो अनोळखी माणूस नव्हता.

दुसरी चूक आपण स्वतः करतो, आणि मला ती जास्त वेळा दिसते. भाड्याच्या मशीनवर वेब यूआय चालवताना `--listen` देऊन पोर्ट उघडा ठेवतात किंवा `--share` देऊन दुवा बनवतात. पासवर्ड नसतो. तो पत्ता ज्याला सापडेल त्याला तुमची चित्रं दिसतात. कम्फी मुळात फक्त आपल्याच मशीनपुरतं ऐकतं, ते तसंच राहू द्यावं आणि बोगद्यातून जावं:

```
ssh -p PORT -L 8188:localhost:8188 root@HOST
```

मग आपल्या ब्राउझरमध्ये `localhost:8188` उघडायचं. काम झाल्यावर मशीन फक्त थांबवायचं नाही, डिस्कसकट काढून टाकायचं. थांबवलेल्या मशीनची डिस्क तिथंच असते, म्हणून तर भाऊंना ४० रुपये लागले. ते भाडं त्यांच्या फोटोंचंच होतं.

फ्लेक्सवाला_गांधीनगर · बुधवार, रात्री ९.३०

हे वाचून जरा पोटात गोळा आला. मशीन काढून टाकलंय की नुसतं थांबवलंय, आत्ताच बघतो.

चित्रकार_मंगळवारपेठ · गुरुवार, सकाळी ६.५०

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. तांत्रिक चर्चेत मला गती नाही, पण मृणाल, तू नमुना म्हणून टाकलेली दोन चित्रं पाहिली. त्यावर थोडं बोलू का?

जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, कागद सोडतात. तुझ्या चित्रात नवरदेवाच्या फेट्यावरचा उजेड पांढऱ्या रंगाचा थर दिल्यासारखा दिसतो. ते गौश झालं, जलरंग नव्हे. शिवाय नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांचे मोती कानाजवळ जाऊन केसांत विरघळले आहेत, आणि आजींच्या गळ्यातला साज मला एखाद्या साखळीसारखा दिसला. कोल्हापूरच्या बाईच्या साजाची पानं वेगवेगळी असतात, जवमणी वेगळा, चंद्र वेगळा, मासा वेगळा. घरची माणसं अल्बम उघडल्यावर आधी तेच बघतील.

आणि त्या आजी सावळ्या आहेत. चित्रात उजळल्या आहेत. हे मला मनापासून खटकलं.

मृणाल_राजारामपुरी · गुरुवार, दुपारी २.००

सर, मनःपूर्वक आभार. मी मूळ फोटो शेजारी ठेवून बघितलं, तुम्ही म्हणता ते शब्द न् शब्द खरं आहे. मी स्टाईल कशी आलीय तेवढंच बघत होते, आजींकडे बघितलंच नव्हतं.

डिनॉइझिंग ०.४ वरून ०.३ वर आणलं तर साज राहतो, पण मग जलरंग उरत नाही, नुसता फोटो धुतल्यासारखा दिसतो. यात मधला मार्ग काय?

आणि गटाच्या फोटोंचं फारच वाईट झालंय. मांडवात २४ माणसं उभी आहेत, त्यातल्या एकाचाही चेहरा ओळखू येत नाही.

उद्यमनगरी · गुरुवार, दुपारी ३.२०

गटाचं आधी. हे मॉडेल चित्र आठपट लहान करून त्यावर काम करतं. १२४८ रुंदीच्या फोटोत २४ माणसं असतील तर एक चेहरा चाळीसेक पिक्सेलचा. आठानं भागला की पाच बाय पाच खाने उरले. त्यात डोळे, नाक, नथ कुठं मावणार? म्हणून मॉडेल अंदाजानं चेहरा भरतं.

ए-डिटेलर लावून प्रत्येक चेहरा वेगळा मोठा करून काढता येतो, पण मग एका फोटोत २४ वेळा काम होतं. एका चेहऱ्याला १५ सेकंद धरले तरी फोटोला सहा मिनिटं. असे गटाचे ७० फोटो असतील आणि सरासरी पंधरा चेहरे, तर नुसत्या चेहऱ्यांना सव्वाचार तासांहून जास्त. बाकी सगळ्या अल्बमपेक्षा जास्त! वेळेचा अंदाज फोटोंच्या संख्येवर बांधू नका, चेहऱ्यांच्या संख्येवर बांधा.

दागिन्यांसाठी मी असं करीन: फोटो ०.४५ वर काढायचा, मग फोटोशॉपमध्ये मूळ फोटो वरच्या थरात घेऊन साज, नथ, मुंडावळ्या आणि डोळे मऊ ब्रशनं अर्धेमुर्धे परत आणायचे. त्यावर कागदाचा पोत. हे हातानंच होतं, आणि इथं कुठलंही जीपीयू मदतीला येत नाही.

आजींच्या रंगाचं सरांनी बरोबर पकडलं. मॉडेल त्वचा उजळ करतं, हे मीही पाहिलंय. काढलेल्या चित्राचा रंग मूळ फोटोशी जुळवून घ्या, फोटोशॉपमध्ये मूळ फोटो Color या ब्लेंड मोडनं वर ठेवला तरी बराच फरक पडतो. उजळ-गडदपणा मात्र वेगळा हातानं बघावा लागेल.

वकील_शाहूपुरी · गुरुवार, रात्री ८.१५

थोडं कायद्याचं. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. त्याचा गाभा संमती आहे, कशासाठी माहिती घेतली ते सांगून मिळवलेली संमती. १८ वर्षांखालच्यांची माहिती असेल तर पालकांची संमती लागते. मृणालताईंनी ऑर्डर फॉर्मवरच एक ओळ घालावी: फोटोंवर आमच्याच मशीनवर काम होईल की बाहेरच्या, आणि किती दिवसांनी ते पुसले जातील. तोंडी शब्द पाळणं चांगलंच, पण लिहिलेलं असलं की दोघांना सोपं जातं.

गडहिंग्लजकर · गुरुवार, रात्री ८.५०

वकीलसाहेब, लग्नात आलेल्या चारशे पाहुण्यांची संमती कोण घेणार? फोटो काढणं आणि फोटो तिसऱ्याच्या मशीनवर पाठवणं एकच का? माझ्या मते घरच्यांनी हो म्हटलं तरी पाहुण्यांच्या वतीनं ते हो होत नाही.

वकील_शाहूपुरी · गुरुवार, रात्री ९.१०

घरगुती कामासाठी माणूस स्वतः माहिती वापरतो तेव्हा कायदा लागू होत नाही. पण मृणालताईंचा तो व्यवसाय आहे, त्यामुळे त्या सवलतीमागे त्या उभ्या राहू शकतील असं मला वाटत नाही. पाहुण्यांबाबतचा तुमचा प्रश्न रास्त आहे, त्यावर माझं मत अजून पक्कं नाही.

मृणाल_राजारामपुरी · शुक्रवार, सकाळी १०.३०

एक सांगायचंय आणि ते लिहिताना बरं वाटत नाहीये.

सागररावांचं ते वाक्य उद्यमनगरी दादांनी वाचायला सांगितलं होतं. मी वाचलं आणि विसरले. काल रात्री नेट फार हळू चाललं म्हणून बघायला गेले, तर कोपऱ्यात बॅकअपच्या अ‍ॅपचं चिन्ह फिरत होतं. मी फोटो पिक्चर्स फोल्डरमध्ये ठेवले होते. ६१२ पैकी बहुतेक फोटोंवर हिरवी खूण. सगळे वर गेलेले. भाड्यानं मशीन घ्यावं की नको यावर मी चार दिवस विचार करतेय, आणि फोटो सोमवारपासूनच ढगात आहेत.

आता बॅकअप बंद केलं, फोटो D ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले, तिकडून पुसले. पुसल्यावर ते तिथल्या कचरापेटीत जातात हे पण कळलं, ती वेगळी रिकामी करावी लागली.

नवरीच्या ताईंना फोन करून सांगू का? नवरा म्हणतो, पुसलेत तर आता कशाला.

चित्रकार_मंगळवारपेठ · शुक्रवार, सकाळी ११.००

सांग. आजच सांग.

सागर_रंकाळा · शुक्रवार, सकाळी ११.२०

माफ करा ताई, मी भलतंच उत्तर देत होतो आणि त्यातून हे निघालं. मीही आता बघतो काय काय वर गेलंय ते.

गडहिंग्लजकर · शुक्रवार, दुपारी १२.४०

सांगाच. आणि फोनमध्ये पण बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला नमुने पाठवले असतील तर ते गॅलरीच्या बॅकअपमध्ये गेले असतील. इथं टाकलेली ती दोन चित्रंही संपादकांना सांगून काढून घ्या, त्यात नवरीचा चेहरा दिसतोय. घरच्या मशीनवर काम केलं म्हणजे माल घरातच राहिला, असं आपोआप होत नाही.

उद्यमनगरी · शुक्रवार, दुपारी १.०५

चित्रांचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी दोन दिवस तीच चित्रं बघून सल्ले देतोय.

मृणाल_राजारामपुरी · पुढचा गुरुवार, रात्री ११.१५

अल्बम आज प्रिंटला गेला. ज्यांनी वेळ दिला त्यांना सगळं सविस्तर सांगणं माझं कर्तव्य आहे.

इथली चित्रं त्याच दिवशी काढली. नवरीच्या ताईंना फोन केला. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मी येऊन बघते. रविवारी आल्या. त्यांच्यासमोर बॅकअपचं खातं उघडलं, फोल्डर, कचरापेटी, फोन, सगळं दाखवलं. वकीलसाहेबांनी सांगितलेली ओळ कागदावर लिहून सही घेतली, प्रिंट झाल्यावर पंधरा दिवसांनी फोटो पुसायचे असं ठरलं. काम काढून घेतलं नाही त्यांनी.

सगळं घरच्याच मशीनवर केलं. पहिला फेरा सात फोल्डरमध्ये, ३ तास ५० मिनिटं. तिसऱ्या फोल्डरला लाईट गेली, चाळीस फोटोच परत करावे लागले. त्यातून १३१ फोटो नापास झाले, ७४ गटाचे आणि ५७ दागिन्यांचे. गटाच्या फोटोंना ए-डिटेलर लावलं नाही, मला ते चेहरे परके वाटले. त्याऐवजी चार-पाच माणसांचे तुकडे कापून ०.२२ वर काढले आणि परत जोडले. जोड दिसू नये म्हणून कडा हातानं पुसल्या. यात तीन संध्याकाळी गेल्या. दागिन्यांना दोन. ४०९० घेतलं असतं तर या पाचातली एकही संध्याकाळ वाचली नसती.

पांढऱ्याचं सरांनी सांगितलं तसं केलं. उजेडाच्या जागी कागदाचाच पोत येऊ दिला. आजींचं पान मी सगळ्यात शेवटी केलं. साजाची पानं एकेक करून मूळ फोटोतून आणली, चंद्र आणि मासा वेगळे दिसतात आता.

पुढच्या महिन्यात चार अल्बम एकदम यायचेत. १६ जीबीचं कार्ड घ्यावं का?

उद्यमनगरी · शुक्रवार, सकाळी ८.१०

पन्नास हजारांच्या आसपास जाईल. भाऊंसारखं ६३० रुपयांचं बिल धरलं तर त्यात ऐंशी अल्बम भाड्यानं निघतात. नुसत्या वेगासाठी घेऊ नका. पण तुमच्या गिऱ्हाइकांत "बाहेर पाठवू नका" म्हणणारे जास्त असतील तर हिशोब बदलतो. गेल्या वर्षीच्या ऑर्डरी काढून मोजा.

फ्लेक्सवाला_गांधीनगर · शुक्रवार, सकाळी ९.४५

मी म्हणतो घ्या. उद्या लोक व्हिडिओ मागतील तेव्हा ८ जीबीत काही होणार नाही.

माझं पण सांगतो. ते मशीन नुसतं थांबवलेलं होतं, काढून टाकलेलं नव्हतं. डिस्कवर २१४ फोटो तसेच होते. काढलं सगळं. पण त्यातले निम्मे तरी लेझीम पथकातल्या पोरांचे होते, आठ-दहा वर्षांची पोरं. त्यांच्या आईबापांना मी विचारलंच नव्हतं, अध्यक्षांनी पेन ड्राइव्ह दिला आणि मी केलं. वकीलसाहेब, आता या वर्षी मंडळाकडून कागद कसा लिहून घ्यायचा? पोरांचे फोटो परत येणार हायत.